घरी केलेल्या सोलर कुकरमध्ये कोणता आकार आणि कोणता परावर्तक सरस, हे कसं ठरवायचं?

प्रश्न: मुलगी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही घरीच तीन सोलर कुकर केले. एक खोक्याचा, झाकणाला कपाटाचा जुना आरसा. दुसरं पुठ्ठ्याचं नरसाळं, आतून फॉइल. तिसरी जुन्या छत्रीची डिश, आतून वेफर्सच्या पाकिटांची चंदेरी बाजू. लालबागला चाळीच्या गच्चीवर ठेवतो. एक दिवस नरसाळं पुढे असतं, दुसऱ्या दिवशी खोका. डिश कायम मागे, आणि सगळीकडे तर डिशच सगळ्यात जोरदार असं लिहिलेलं असतं. नक्की कुठला आकार आणि कुठलं मटेरियल चांगलं? ठरवायचं कसं?

उत्तर:

तुमचे आकडे चुकलेले नाहीत. तुम्ही एका वेळी तीन गोष्टी बदलल्या आहेत, म्हणून ते बोलत नाहीत. आकार बदलला, चकचकीत पृष्ठभाग बदलला आणि कुकर किती ऊन गोळा करतो तेही बदललं. खोका जिंकला तर तो खोका असल्यामुळे जिंकला की आरशामुळे, हे या मांडणीतून कधीच कळणार नाही. शाळांमधल्या मुलांबरोबर हे प्रयोग मी बरीच वर्षं करतोय आणि बहुतेक गटांची गाडी इथेच अडते. त्यामुळे कुठला चांगला हे सांगण्याआधी तुलना कशी लावायची ते सांगतो. ती नीट लावली की तुमच्या मुलीला स्वतःच दिसेल की आकार आणि मटेरियल हे दोन सुटे प्रश्न नाहीतच. कुठल्या आकारात आहे त्यावर फॉइलची किंमत ठरते.

आधी उन्हाचा हिशोब. कुकर किती ऊन पकडतो हे त्याच्या तोंडाच्या मापावरून कळत नाही, सावलीवरून कळतं. एक मोठा पुठ्ठा कुकरच्या मागे, सूर्यकिरणांना काटकोनात धरा. पुठ्ठ्यावर एक पेन्सिल उभी टेकवून बघायची, तिची सावली नाहीशी झाली की काटकोन जमला. आता कुकरची सावली पुठ्ठ्यावर आखून घ्या आणि चौकटी मोजून क्षेत्रफळ काढा. खोक्याच्या भिंतींची सावली त्यातून वगळा, फक्त काच आणि झाकणाचा आरसा धरा. एवढंच ऊन त्या कुकरच्या वाट्याला येतं.

तुमच्या खोक्याची काच ४० सेंटीमीटर बाय ४० सेंटीमीटर आहे असं धरतो आणि दिवस २२ फेब्रुवारीच्या आसपासचा. मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे तेव्हा भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ६१ अंशांच्या आसपास असतो. आडव्या काचेवर ऊन तिरकं पडतं, म्हणून ०.१६ चौरस मीटर काचेच्या वाट्याला प्रत्यक्षात ०.१४ चौरस मीटरचंच ऊन येतं. तेवढ्याच मापाचं झाकण योग्य कोनात उघडलं की ते आणखी ०.१० चौरस मीटरचं ऊन पकडून काचेवर टाकतं. एकूण ०.२४. याच्याशी बरोबरी करायची तर नरसाळ्याचं तोंड ५५ सेंटीमीटर व्यासाचं हवं, आणि डिशही तेवढीच. तुमची छत्री उघडल्यावर ९० सेंटीमीटरच्या आसपास भरत असेल, म्हणजे तिचं क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटरच्या वर जातं. अडीचपट ऊन घेऊनही ती मागे पडते, यातच तिचा आजार कळतो. त्याच्याकडे पुढे येतो.

झाकणाचा कोन अंदाजाने ठेवू नका, कारण खोक्याचा निम्मा खेळ त्यावर आहे. झाकण काचेएवढंच लांब असेल तर सोपा नियम आहे: सूर्याची उंची अंशांत घ्यायची, तिचे दोन तृतीयांश करायचे आणि त्यात ६० मिळवायचे. ६१ अंशांना हे सुमारे १०१ येतं, म्हणजे झाकण काटकोनापेक्षा जरासं मागे. डिसेंबरच्या शेवटी सूर्य साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो, तेव्हा झाकण जवळजवळ सरळ उभं. मेमध्ये सूर्य थेट डोक्यावर येतो तेव्हा १२० अंश. मोजमाप नको असेल तर डोळ्यांनीही जमतं. झाकणाने पाडलेला उजेडाचा चौकोन काचेच्या पुढच्या कडेला बरोबर टेकला पाहिजे. तो कडेबाहेर सांडत असेल तर ऊन वाया जातंय, कडेच्या आतच संपत असेल तर झाकण ऊन कमी पकडतंय.

आता मटेरियलकडे. चांगला आरसा पडलेल्या उन्हापैकी ८५ ते ९० टक्के परत पाठवतो. स्वयंपाकघरातली फॉइल नीट, सपाट चिकटवली तर ८० टक्क्यांच्या पुढे जाते. हा फरक मोठा वाटतो, पण वरच्याच खोक्यात तो घालून बघा. थेट काचेतून येणारं ०.१४ दोन्हीकडे सारखंच. झाकणाकडून येणारे ०.१० फॉइलमुळे ०.०८ होतात, आरशामुळे ०.०९. बेरीज ०.२२ आणि ०.२३. म्हणजे जड, महागडा, फुटणारा आरसा लावून खोक्याची कमाई जेमतेम ४ ते ५ टक्क्यांनी वाढली. घरच्या थर्मामीटरवर एवढा फरक एखाद्या दिवशी दिसेलही, पण दुसऱ्या दिवशीच्या धुरक्यात हरवून जाईल.

नरसाळ्यात चित्र बदलतं, कारण तिथे भांड्यावर येणारं बहुतेक ऊन परावर्तित होऊनच येतं. तिथे ८० आणि ८८ मधला फरक पुरा १० टक्क्यांचा होतो. पण डिशमध्ये खरा घोळ टक्केवारीचा नसतोच, दिशेचा असतो. परावर्तक किती उजेड परत पाठवतो हे एक, आणि तो उजेड एकाच दिशेने पाठवतो की पसरवून टाकतो हे दुसरं. पांढरा रंग दिलेली भिंतही बराचसा उजेड परत पाठवते, म्हणून ती काही भांडं तापवत नाही.

फॉइलला सुरकुती पडली, आणि त्या जागी पृष्ठभाग ५ अंशांनी कलला असं समजा. ५ अंश म्हणजे सेंटीमीटरभर अंतरात एक मिलिमीटरही नाही असा उंचवटा, डोळ्यांना तो धड दिसतही नाही. पण पृष्ठभाग ५ अंशांनी कलला की परावर्तित किरण १० अंशांनी ढळतो. तुमच्या छत्रीची खोली २० सेंटीमीटर धरली तर तिची नाभी, म्हणजे सगळा उजेड जिथे एकवटतो ती जागा, तळापासून सुमारे २५ सेंटीमीटरवर येते आणि कडेपासून नाभीपर्यंतचं अंतर ४५ सेंटीमीटर. एवढ्या अंतरावर १० अंशांची चूक म्हणजे ८ सेंटीमीटर. १६ सेंटीमीटर रुंदीच्या पातेल्याच्या मध्यावर रोखलेला किरण थेट त्याच्या काठावर जातो आणि बराचसा बाहेर निसटतो. तीच सुरकुती नरसाळ्यात असती तर भांडं २० सेंटीमीटरवर आहे. किरण साडेतीन सेंटीमीटर सरकला असता आणि भांड्यावरच पडला असता.

छत्रीत शिवाय तिच्या काड्या आल्या. दोन काड्यांमधलं कापड ताणून बसतं, ते डिशसारखं दोन्हीकडून गोल नसतंच, त्यामुळे उजेड एका जागी येण्याऐवजी पट्ट्यांमध्ये विखुरतो. आणि वेफर्सचं पाकीट आतून चकचकीत दिसलं तरी त्यावरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर अतिशय पातळ असतो. बल्बसमोर धरून बघा, उजेड आरपार दिसेल. जेवढा आरपार गेला तेवढा पातेल्याला मिळणार नाही. पाकीट घडीवर मोडलेलं असतं तेही वेगळंच. तुमची डिश मागे का, याचं उत्तर हे आहे. डिश हा आकार कमकुवत नाही, पण तो सगळ्यात कडक हिशोब मागतो आणि छत्री व पाकिटं दोन्ही त्या हिशोबात बसत नाहीत. ९० सेंटीमीटरची चांगल्या गोलाईची डिश, तिला चार-पाच सेंटीमीटरचे आरशाचे चौकोनी तुकडे लावलेले, ही बाकी दोघांना सहज मागे टाकेल.

कुठला पृष्ठभाग कितपत नीट परावर्तन करतो हे थर्मामीटरशिवाय दोन मिनिटांत कळतं. सगळी मटेरियल्स सारख्या मापाच्या, हातभर लांबीच्या ताठ पुठ्ठ्यांवर लावा. उन्हात उभं राहून एकेक पुठ्ठा सावलीतल्या भिंतीकडे वळवा आणि भिंतीपासून दीड-दोन मीटरवर धरा. आरशाचा उजेड चौकोनी, कडा स्वच्छ. नीट चिकटवलेल्या फॉइलचा उजेड चौकोनीच, पण कडा विरलेल्या आणि आत लाटांच्या रेषा. चुरगळलेल्या फॉइलचा नुसता धूसर डाग. हे तीन डाग तुमच्या मुलीने शेजारी शेजारी पाडून फोटो काढले, तर तिच्या तक्त्यावर बाकी फार लिहायची गरज राहणार नाही. फॉइल चिकटवताना फेव्हिकॉल पाण्याने पातळ करून सगळ्या पुठ्ठ्यावर एकसारखा पसरा, चकचकीत बाजू वर ठेवा आणि मऊ कापडाने मधून कडेकडे दाबत जा. पुठ्ठा मात्र जाड हवा. ओल धरून तो वाकला तर वरची फॉइल सपाट असून काही उपयोग नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत तो रात्रीत वाकतो. म्हणून रात्री घरात, वजनाखाली ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग: एक दिवस नरसाळं आणि एक दिवस खोका का? इथे कुकरची दोन वेगळी कामं सुटी करून बघावी लागतात. एक, ऊन भांड्यापर्यंत पोचवणं. दोन, आलेली उष्णता निसटू न देणं. पाणी थंड असताना गळती नगण्य असते, त्यामुळे सुरुवातीचा वेग फक्त पहिल्या कामाचा असतो. पाणी तापत जातं तशी गळती वाढते आणि वेग उतरत जातो. जो कुकर आधी पळतो तोच शेवटी पुढे असेल असं नाही.

आकड्यांत बघू. दोन्ही कुकरमध्ये दीड लिटर पाणी, हवा ३० अंशांची. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, तुमचे वेगळे येतील. उघड्या भांड्याचं नरसाळं सुरुवातीला ८० वॅट पाण्यात घालतं, पण पाणी हवेपेक्षा जेवढे अंश गरम, त्या प्रत्येक अंशाला १.२ वॅट गमावतं. खोका सुरुवातीला ६० वॅटच घालतो, पण अंशामागे ०.६ वॅटच गमावतो. सुरुवातीच्या १० मिनिटांत नरसाळं पाणी साडेसात अंशांनी चढवतं, खोका पावणेसहा. मुलं टाळ्या वाजवतात. पाणी ६३ अंशांवर आलं की दोघांचा वेग सारखा होतो. ८० अंशांवर नरसाळ्याकडे २० वॅट उरतात आणि खोक्याकडे ३०. नरसाळं ९७ अंशांच्या पुढे सरकतच नाही, खोका उकळी आणतो. म्हणून जो गट पाऊण तासाने आकडा टिपतो त्याच्यासाठी नरसाळं जिंकलं आणि जो अडीच तासांनी टिपतो त्याच्यासाठी खोका. अन्न शिजतं ते ८० अंशांच्या आसपास आणि वर, त्यामुळे निकाल तिथेच बघायचा. अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेचं सोलर कुकरच्या चाचणीचं मानक, एस ५८०, तेही पाणी हवेपेक्षा ५० अंशांनी गरम असतानाची ताकदच तुलनेला घेतं.

आणि आता त्याच नरसाळ्यातल्या भांड्यावर काचेचा मोठा बाऊल उपडा घाला, ओव्हनमध्ये चालणारा. काचेत ८-१० टक्के ऊन अडतं, सुरुवातीचे ८० वॅट ७२ होतात. पण वारा भांड्याला लागत नाही, गळती अंशामागे ०.७ वर येते. ८० अंशांवर हाती उरतात ३७ वॅट. मघाशी २० होते. फॉइलच्या जागी आरसा लावून एवढा फरक पडला नसता. घरगुती कुकरमध्ये मटेरियलवर जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मीही भांड्यावरच्या आवरणावर होत नाही, आणि निकाल तिथेच ठरतो. ही गोष्ट मुंबईत नवी नाही. १८७८ च्या सुमारास विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच, मुंबईत, सोलर कुकर केला होता. आठ सपाट आरशांचं अष्टकोनी नरसाळं, मध्ये काळं केलेलं तांब्याचं भांडं आणि त्यावर काचेचं आवरण. जानेवारीत सात शिपायांचं मांस आणि भाज्या त्यात दोन तासांत शिजल्या, असं त्याने नोंदवलं आहे. वक्र आरसा नाही, नाभी नाही, पण काचेची टोपी आहे. मुलीच्या तक्त्यावर मुंबईतच झालेल्या या कुकरला जागा द्याच.

बाऊल ठेवताना भांडं आणि काच यांत दोन-तीन सेंटीमीटर मोकळी जागा राहू द्या आणि भांडं खालूनही जमिनीला टेकवू नका, तीन छोट्या आधारांवर ठेवा, म्हणजे तळालाही ऊन लागेल. भाजीवाल्याची पातळ प्लास्टिकची पिशवी वापरू नका, तापलेल्या भांड्याला चिकटून ती वितळते. खोक्याच्या आतल्या बाजूला थर्माकोल असेल तर तोही काढा. शंभर अंशांच्या आसपास तो आकसतो आणि त्याचा वास अन्नाला लागतो. दोन खोक्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचे बोळे किंवा नारळाचा काथ्या कोरडा भरला की पुरतं.

भांड्याबद्दल एकच सांगतो. तिन्ही कुकरमध्ये अगदी सारखी, पातळ अ‍ॅल्युमिनियमची झाकणाची पातेली घ्या आणि बाहेरून, झाकणासकट, फळ्याच्या मंद काळ्या रंगाने रंगवा. रंग वाळल्यावर पातेलं रिकामंच एक-दोन दुपारी उन्हात तापवून वास जाऊ द्या, मग त्यात अन्न ठेवा. चकचकीत स्टीलचा डबा ठेवला तर तुम्ही मेहनतीने आणलेलं ऊन तो परत आकाशात पाठवतो, आणि झाकण नसेल तर ८० च्या पुढची बरीचशी उष्णता वाफेबरोबर जाते.

आता दिवसादिवसातला फरक. मुंबईच्या हिवाळ्यात धुरकं असतं, त्यात एकूण ऊन कमी होतं आणि त्यातला थेट भागही कमी होतो. आकाशभरून विखुरलेला उजेड कुठलाही परावर्तक एका जागी आणू शकत नाही. डिश फक्त थेट उन्हावर चालते, म्हणून तिला धुरक्याचा फटका सर्वांत जास्त. नरसाळ्याला त्याहून कमी. खोक्याच्या आडव्या काचेतून विखुरलेला उजेडही आत जातो, म्हणून तो सगळ्यात कमी डगमगतो. हवा कशी आहे ते सावलीवरून कळतं. हात उंच धरून बोटांची सावली गच्चीच्या लादीवर पाडा. कडा स्पष्ट असेल तर थेट ऊन चांगलं आहे, विरलेली असेल तर डिशचा त्या दिवशीचा आकडा निकालात धरू नका, वेगळा लिहून ठेवा. दुसरा खोडा म्हणजे समुद्रावरून दुपारी येणारा वारा. उघड्या नरसाळ्याचं भांडं तो भराभर थंड करतो आणि पुठ्ठा हलवून नेमही चुकवतो.

हे सांभाळायला ऊन मोजायचं महागडं यंत्र लागत नाही. एक कुकर साक्षीदार म्हणून ठेवा. खोका घ्या, त्यातलं काहीही बदलू नका, आणि प्रत्येक चाचणीत तो बाकीच्यांच्या शेजारी, तेवढ्याच पाण्याने, त्याच वेळी चालू ठेवा. बाकीच्यांचा वेग अंशांत लिहायचा नाही, साक्षीदाराच्या पटीत लिहायचा. समजा स्वच्छ दिवशी साक्षीदार १० मिनिटांत ४ अंश चढला आणि बदललेला दुसरा खोका ५ अंश. गुणोत्तर १.२५. धुरक्याच्या दिवशी ते ३ आणि पावणेचार झाले, तरी गुणोत्तर १.२५ च. आकार एकच असेल तेव्हा हे असं टिकतं. नरसाळं किंवा डिश यांचं गुणोत्तर मात्र धुरक्यात खाली येईल, आणि ते किती खाली येतं हीच त्या आकाराची मुंबईतली खरी ओळख आहे. ती लपवू नका, तक्त्यावर मांडा.

मोजणीचा क्रम असा ठेवा. वायरचे डिजिटल थर्मामीटर आधी सगळे एकाच पेल्यातल्या पाण्यात बुडवा, मग उकळत्या पाण्यात. समुद्रसपाटीला उकळी १०० अंशांनाच येते, त्यामुळे कुठला किती खोटं बोलतो ते लिहून घेता येतं. टोक पातेल्याच्या मध्यावर, तळापासून सेंटीमीटरभर वर राहू द्या. तळाला टेकलं तर धातूचं तापमान येईल. तुम्ही कदाचित खोक्यातल्या हवेचं तापमान मोजत असाल. ते मोजू नका, हवा लगेच तापते आणि त्यात अन्न शिजत नाही. पाणी किती घ्यायचं? मानक चौरस मीटरला ७ किलो सांगतं, ०.२४ चौरस मीटरला ते १.७ होतं, दीड लिटर घेतलंत तरी चालेल, फक्त सगळ्यांत सारखं. घड्याळातले बारा म्हणजे मुंबईचं मध्यान्ह नव्हे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि आपण बरेच पश्चिमेला आहोत, त्यामुळे फेब्रुवारीत सूर्य माथ्यावर येतो तो पावणेएकच्या पुढे. अकरा ते दीड ही वेळ चांगली. दर १० मिनिटांनी आकडा घ्या. पाणी ४० अंशांच्या पुढे गेल्यापासून ९० पर्यंतचेच आकडे हिशोबात धरा, नंतर वाफ गोंधळ घालते. खोक्याला स्वतःला तापायलाच अर्धा तास लागतो, म्हणून तो आधीपासून उन्हात तोंड करून ठेवायचा आणि पाणी नंतर. डिश दर १०-१५ मिनिटांनी सूर्याकडे वळवायची, कारण तेवढ्यात सूर्य अडीच ते पावणेचार अंश सरकतो. नरसाळं आणि खोका अर्ध्या तासाने वळवले तरी चालतात.

हे झालं की प्रयोग दोन भागांत करा. पहिल्या भागात आकार एकच ठेवा, नरसाळं, आणि फक्त अस्तर बदला: फॉइल, वेफर्सचं पाकीट, आरशाच्या पट्ट्या. दुसऱ्या भागात अस्तर एकच ठेवा, फॉइल, आणि आकार बदला: खोका, नरसाळं, डिश, सावलीने मोजलेलं ऊन सारखं धरून. शक्य असेल तर शेवटी नरसाळं आणि खोका यांचं भांडं बाऊलसह आणि बाऊलशिवाय चालवून बघा. माझा अंदाज असा आहे की बाऊलसह फॉइलचं नरसाळं तुमच्या गच्चीवर स्वच्छ दिवशी पहिलं येईल, आणि धुरक्याच्या किंवा वाऱ्याच्या दिवशी खोका. चाळीच्या सज्जात कायमचा ठेवायला मी खोकाच घेईन. तिथे ऊन दोन-तीन तासांचंच असतं, कामावरून येऊन कोणी दर १५ मिनिटांनी कुकर वळवणार नाही आणि खोक्यातला वरण-भात कोणाच्या लक्षाशिवाय होतो. वरणाची डाळ मात्र आधी भिजवून ठेवा.

डिशबद्दल एक सूचना, ती मुलांसाठी प्रदर्शनात बोर्डवरही लिहा. तिच्या आत डोकावताना काळा चष्मा हवा आणि नाभीजागी हात घालायचा नाही. वापर नसताना ती पालथी ठेवायची किंवा वर चादर टाकायची. गच्चीवर सूर्याकडे उघडी पडलेली डिश शेजारच्या दोरीवरच्या कपड्यांना आग लावू शकते, आणि हा धोका आरशाचे तुकडे लावल्यावर वाढतो. कुठला तुकडा चुकीच्या जागी उजेड पाडतोय हे शोधायचं असेल तर सगळी डिश वर्तमानपत्राने झाका आणि दोन काड्यांमधली एकेक पाकळी उघडून तिचा ठिपका पातेल्यावर कुठे पडतो ते बघा. तो पातेल्यावर येईल असा तुकड्याचा कल बदला, मग पुढची पाकळी.